छातीची रेडिओथेरपी: गिळताना होणारी वेदना, उशिरा येणारा खोकला आणि उपचार पथकाला फोन केव्हा करावा

छातीवर रेडिओथेरपी घेणाऱ्यांना दोन त्रासांची कल्पना आधीच दिलेली असते. एक म्हणजे अन्ननलिकेचा दाह आणि दुसरा म्हणजे फुप्फुसाचा दाह, ज्याला डॉक्टर रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. मी अनेक वर्षे रेडिओथेरपी विभागात परिचारिका म्हणून रुग्णांचे फोन घेत आले आहे. माझा अनुभव असा की पहिल्या त्रासाबद्दल लोक वेळेवर फोन करतात, परंतु दुसऱ्याबद्दल फोन यायला बहुधा उशीर होतो. म्हणून या लेखात पहिल्यापेक्षा दुसऱ्यालाच अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: उपचारांपूर्वीची नोंद

उपचार सुरू होण्यापूर्वी आपले वजन, विश्रांतीत असताना ऑक्सिमीटरवर दिसणारा आकडा आणि न थांबता किती जिने चढता येतात, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. पुढे दर आठवड्याला त्याच जिन्यावर तीच चाचणी करावी.

दुसरी पायरी: गिळण्याचा त्रास

अन्ननलिकेचे आतले अस्तर सतत झिजते आणि सतत नव्याने तयार होते. किरणांमुळे हे नवे तयार होणे मंदावते, त्यामुळे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घशाखाली घास अडकल्यासारखे वाटू लागते, गिळताना छातीच्या मध्यभागी दुखते किंवा जळजळते. सोबत केमोथेरपी चालू असल्यास हा त्रास अधिक होतो. उपचार संपत असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत तो सर्वाधिक असतो, आणि मग काही आठवड्यांत ओसरतो. मऊ, कोमट अन्न थोडे थोडे घ्यावे, मद्य आणि तंबाखू टाळावी, आणि डॉक्टरांनी वेदनाशामक लिहून दिले असल्यास ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे. ‘सहन करा, औषधांची सवय लागेल’ हा सल्ला ऐकू नये. वेदनेमुळे खाणे सुटले की वजन उतरते, अशक्तपणा येतो आणि उपचारांत खंड पडण्याची वेळ येते. असा खंड पडला की ट्यूमरवर होणारा परिणाम कमी होतो, म्हणून केवळ दुखते या कारणाने स्वतःहून एकही दिवस चुकवू नये.

एका आठवड्यात दोन किलो वजन घटले, जिभेवर किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले, किंवा दिलेल्या औषधाने दुखणे आवरत नसेल, तर त्याच दिवशी पथकाला कळवावे. चट्टे बहुधा बुरशीचे असतात आणि त्यावर वेगळे औषध असते. पाणीही उतरत नसेल, उलटीत रक्त असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, किंवा पाणी पिताच प्रत्येक वेळी ठसका लागत असेल, तर रात्र असली तरी थांबू नये.

तिसरी पायरी: उपचार संपल्यानंतरचे महिने

खरी अडचण येथे आहे, आणि ती ओळखणे सुरुवातीला मलाही जड गेले. फुप्फुसाच्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरासारख्या झपाट्याने बदलत नाहीत. त्यामुळे किरणांमुळे झालेली इजा लगेच न दिसता हळूहळू दाहाच्या रूपाने वर येते, साधारणपणे उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांनी, आणि कधीकधी सहाव्या महिन्यापर्यंतही. तोवर गिळण्याचा त्रास थांबलेला असतो, रोजच्या फेऱ्या संपलेल्या असतात आणि घरातले सर्वजण निर्धास्त झालेले असतात. नेमक्या अशा वेळी कोरडा खोकला सुरू होतो, चढावर दम लागतो, कधी बारीक ताप येतो, आणि या खोकल्याचा रेडिओथेरपीशी काही संबंध असेल, असे कोणाच्याही मनात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एका रुग्णाला सहा आठवड्यांत 30 सत्रांमधून 60 ग्रे किरणमात्रा आणि सोबत केमोथेरपी दिली गेली. उपचारांपूर्वी तो दोन मजले न थांबता चढत असे आणि ऑक्सिमीटरवर 97 दिसत असे. उपचार संपल्यानंतर सातव्या आठवड्यात त्याला कोरडा खोकला लागला. जवळच्या डॉक्टरांनी संसर्ग समजून प्रतिजैविके दिली, त्याने फरक पडला नाही, म्हणून दुसरी दिली. दरम्यान तो पहिल्या मजल्यावरच थांबू लागला होता. विश्रांतीत आकडा 95 होता, म्हणून घरच्यांना काळजी वाटली नाही. परंतु जिना चढून लगेच मोजल्यावर तो 89 वर उतरत होता. हे फोनवर कळताच त्याला बोलावून घेतले. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातला धूसरपणा नेमका किरणांच्या मार्गाशी जुळणारा होता, रक्ताची गुठळी नव्हती आणि संसर्गाचा पुरावा मिळाला नाही. स्टेरॉइड सुरू केल्यावर काही दिवसांतच त्याचा दम कमी झाला.

या प्रसंगातून दोन ठाम नियम निघतात. छातीची रेडिओथेरपी संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत नवा कोरडा खोकला आला किंवा जिन्यावरची क्षमता घटली, तर दोन दिवसांत रेडिओथेरपी पथकाला फोन करावा, मग ताप असो वा नसो. आणि ऑक्सिमीटर केवळ बसून मोजू नये. चालून आल्यावरचा आकडा अधिक खरे सांगतो. ‘रेडिओथेरपीनंतर खोकला असतोच’ हे वाक्य मला मुळीच पटत नाही, कारण तसाच खोकला आणि दम संसर्ग, फुप्फुसातील गुठळी, हृदयाचा त्रास किंवा मूळ आजार वाढणे यांतही असतो, आणि तपासणीशिवाय हा फरक घरी बसून कोणालाही ओळखता येत नाही. रेडिओथेरपीनंतर इम्युनोथेरपी चालू असेल, तर अधिकच सावध राहावे, कारण त्या औषधांनीही फुप्फुसाचा दाह होऊ शकतो.

बसल्या जागी दम लागणे, अचानक छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ निळसर होणे किंवा विश्रांतीतही आकडा 92 च्या खाली जाणे, यांपैकी काहीही झाले तर थेट तातडीच्या विभागात जावे. केमोथेरपी चालू असताना 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप आल्यासही तेच करावे.

चौथी पायरी: फोनवर काय सांगावे

शेवटचे सत्र कधी झाले, खोकला कधीपासून आहे, आधी किती जिने चढत होता आणि आता किती, चढण्यापूर्वीचा व नंतरचा ऑक्सिमीटरचा आकडा आणि सध्याची औषधे, एवढे सांगावे. जवळच्या डॉक्टरांकडे गेल्यासही छातीवर रेडिओथेरपी झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

पाचवी पायरी: स्टेरॉइड चालू असताना

बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणे हा सर्वांत महाग पडणारा निर्णय आहे. सुरुवातीची मात्रा साधारण दोन आठवडे देऊन पुढे ती कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने उतरवली जाते, कारण घाई केल्यास दाह पुन्हा उसळतो; शिवाय शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे मंदावलेले असल्याने अचानक थांबवणे धोक्याचे असते. मात्रा उतरवताना खोकला किंवा दम परतला, तर स्वतःहून गोळ्या न वाढवता त्याच दिवशी कळवावे. मधुमेह असल्यास या काळात साखर अधिक वेळा तपासावी.

आणखी एक गोष्ट: गिळणे पूर्ववत झाल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा घट्ट अन्न अडकू लागले, तर अन्ननलिका अरुंद झालेली असू शकते. ती दुर्बिणीतून रुंद करता येते, परंतु त्यासाठी पातळ अन्नावर दिवस ढकलण्याऐवजी पथकाला सांगावे लागते.