हयातीपुरता मिळालेला फ्लॅट विकण्याआधी

नौपाड्यातल्या एका काकूंचे गुडघे गेलेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांच्या मृत्युपत्रात म्हटलंय, ‘पत्नीने हयातभर फ्लॅटचा उपभोग घ्यावा, तिच्या पश्चात तो मुलाला व मुलीला समान मिळावा.’ शेअर सर्टिफिकेटवर आता काकूंचं नाव आहे, म्हणून एजंट म्हणतो विकून टाका.

आधी मृत्युपत्र काढा आणि ते वाक्य शब्दन् शब्द वाचा. ‘विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार’ असं कुठे लिहिलंय का? नसेल तर काकूंना राहता येतं, भाड्याने देता येतं, पण एकटीच्या सहीने पूर्ण मालकी विकता येत नाही. घेणाऱ्याला काकूंच्या हयातीपुरताच हक्क मिळेल आणि त्यांच्या पश्चात मुलं घराचा ताबा मागू शकतील. सोसायटीने नाव लावलं किंवा खरेदीखत नोंदवलं गेलं, तरी यात फरक पडत नाही.

मग मूळ करारनामा शोधा. त्यावर दोघांची नावं असतील आणि काकूंचा अर्धा हिस्सा खरोखरच त्यांचा असेल, तर तो त्यांचाच. काकांचं मृत्युपत्र फक्त काकांच्या हिश्शाला लागू होतं. हे बघायचं बरेच जण विसरतात.

‘बायकोला मिळालेली मालमत्ता पूर्ण तिचीच होते’ असं कुणीतरी सांगेलच. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४(१) मध्ये तसं आहे, आणि पोटगीच्या आधीच्या हक्कापोटी मिळालेल्या मालमत्तेला सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुलसम्मा प्रकरणात ते लावलंही. पण नवऱ्याने स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्राने हयातीपुरती दिली, तर कलम १४(२) लागतं, म्हणजे तिचा हक्क हयातीपुरताच राहतो, असं त्याच न्यायालयाने २००६ मध्ये साधू सिंग प्रकरणात सांगितलं. काकांनी फ्लॅट पगारातून घेतला होता. तेव्हा कलम १४(१) च्या भरवशावर टोकन घेऊ नका.

सरळ मार्ग म्हणजे काकू आणि दोन्ही मुलांनी एकत्र विक्रेते म्हणून सह्या करणं. इथे एक गाठ निघाली. मुलगा काकांनंतर वारला होता. त्याचा हक्क काकांच्या मृत्यूच्या दिवशीच ठरलेला असल्याने तो त्याच्यासोबत संपला नाही. त्याने स्वतः मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणून त्याचा अर्धा भाग सूनबाई, नातू आणि आई म्हणून काकू अशा तिघांकडे आला. नातू नऊ वर्षांचा. त्याच्या वाट्यासाठी सूनबाईंना न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी लागेल. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि नातवाचा जन्मदाखला लागेल, आणि हे पैसे त्याच्यासाठी कुठे राहतील तेही सांगावं लागेल.

शेवटची गोष्ट सह्यांआधी करा. सगळ्यांनी सह्या केल्या की काकूंचा या घरावरचा हक्क संपतो. म्हणून तळमजल्यावरचं नवं घर कुणाच्या नावावर घेणार आणि काकू तिथे हयातभर कोणत्या हक्काने राहणार, ते आधी लेखी ठरवून घ्या.