तीस कंपन्यांची यादी आणि रिकामे दिसणारे भरतीचे पान : या चुका टाळा

ठिबक सिंचन आणि प्लास्टिक पाइपच्या उद्योगात नोकरी शोधणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या मुलांच्या याद्या मी नेहमी तपासतो. तीस कंपन्या निवडायच्या आणि त्यांची भरतीची पाने ठरलेल्या दिवशी पाहायची, एवढेच त्यांना सांगितलेले असते. महिन्याभराने नोंदवही उघडली, की रकान्यामागून रकाना ‘जागा नाही’ या दोन शब्दांनी भरलेला दिसतो. पान रिकामे दिसण्याची कारणे मात्र निरनिराळी असतात. कधी खरोखरच जागा नसते, कधी आपण चुकीचे पान उघडलेले असते आणि कधी ती कंपनी पानावरून भरतीच करत नाही. तिन्हींना एकच शब्द वापरला, तर दुरुस्ती कुठे करायची हे शेवटपर्यंत कळत नाही.

यावल तालुक्यातल्या, मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या एका विद्यार्थ्याची वही उदाहरणादाखल घेतो. प्लास्टिक वितळवून पाइप तयार करणाऱ्या एक्स्ट्रूजन विभागात काम मिळावे, ही त्याची इच्छा होती. त्याच्या यादीत नावे तीसच होती, पण ओळीने वाचली तेव्हा त्यांतली तीन विक्रेत्यांची दुकाने निघाली आणि दोन ठिकाणी ब्रँडचे नाव आणि कंपनीचे नाव वेगवेगळे धरून एकच कारखाना दोनदा लिहिला गेला होता. म्हणजे खरे मालक पंचवीसच होते. जैन इरिगेशन, सुप्रीम, फिनोलेक्स अशी दहा-बारा ओळखीची नावे झाली, की बहुतेकांचा हात थांबतो आणि मग संख्या भरण्यासाठी डाळ मिल, चटई कारखाना, गोदाम असे काहीही यादीत येते. असे झाले, की क्षेत्र एक राहत नाही आणि पदांची नावे, लागणारे कौशल्य, भरतीचा हंगाम यांची तुलना करता येत नाही.

नावे शोधायला मी त्याला शेतात पाठवले. त्याच्या वडिलांची केळी आहे आणि बांधावर पाइपचे तुकडे पडलेलेच असतात. पीव्हीसी पाइपवर आयएसआय चिन्हाजवळ IS 4985 आणि CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो, तर ड्रीपर आतच बसवलेल्या ठिबक नळीवर IS 13488 दिसतो. भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care या मोबाइल ॲपमध्ये Verify Licence Details हा पर्याय उघडून तो क्रमांक टाकला, की उत्पादकाचे नाव, कारखान्याचा पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, हे समोर येते. हा परवाना कारखान्याच्या जागेनुसार मिळत असल्यामुळे एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांचे क्रमांक वेगळे असतात. नोकरी शोधणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो, कारण माल नेमका कुठे तयार होतो हे त्यावरून समजते. “सर, हे पाइप मी लहानपणापासून उचलतोय, पण त्यावरचं कधी वाचलंच नव्हतं,” असे तो म्हणाला. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या शेतांतून त्याला पाच नवे उत्पादक मिळाले आणि यादी पुन्हा तीसची झाली.

दुसरी चूक पानाच्या पत्त्याची आहे आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच वाया जातो. जुन्या पंचवीस नावांपैकी पाचांचे पत्ते त्याने जॉब पोर्टलवरून किंवा शोधाच्या निकालातून उचलले होते, त्यामुळे तो महिनाभर जी पाने पाहत होता ती कंपनीची नव्हतीच. कंपनीचे मूळ संकेतस्थळ उघडावे, अगदी तळाशी Careers शोधावे, त्यावर टिचकी मारल्यावर जे शेवटचे पान उघडते त्याचाच पत्ता वहीत घ्यावा. तो पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या नावाचा नसून myworkdayjobs.com, zohorecruit.in किंवा darwinbox.in अशा भरतीप्रणालीचा असतो. मूळ संकेतस्थळावरूनच तिथे पोहोचला असाल, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून पोहोचला असाल आणि अर्जासाठी पैसे मागितले जात असतील, तर पान तिथेच बंद करावे.

पत्ता बरोबर असूनही पान रिकामे दिसते, तेव्हा आधी गाळणी, म्हणजे पानावरचा फिल्टर, पाहावी. एका कंपनीच्या पानावर हा मुलगा दर आठवड्याला ठिकाणाच्या चौकटीत Dhule लिहीत होता आणि दर वेळी शून्य येत होते. चौकट मोकळी करून शोध घेतला तेव्हा चौदा पदे दिसली आणि त्यांतल्या एका शिफ्ट इन्चार्जच्या पदापुढे ठिकाण म्हणून Nardana लिहिलेले होते. नरडाणा धुळे जिल्ह्यातच आहे, पण यंत्राला जिल्हा कळत नाही, ते अक्षरे जुळवते. म्हणून ठिकाणाची गाळणी न लावता पूर्ण यादी वाचावी. कारखान्याच्या गावाचे नाव परवान्याच्या पत्त्यातून आपल्याला आधीच मिळालेले असते. पदाच्या नावाचेही तसेच होते. एकच काम कुठे Production Engineer, कुठे Extrusion Engineer, तर कुठे Shift In-charge म्हणून येते. ईमेलवरच्या अलर्टवर पूर्ण विसंबणारे इथेच फसतात, कारण अलर्ट आपण दिलेल्या शब्दापुरताच चालतो. मोबाइलवर यादी उघडतच नसेल, तर ब्राउझरमधला Desktop site हा पर्याय लावून पाहावा.

वेळापत्रकाबाबत थोडक्यात सांगतो. तीसही पाने रोज पाहण्याचा निश्चय दुसऱ्या आठवड्यात मोडतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. सोमवारी दहा, बुधवारी दहा आणि शुक्रवारी दहा पाने पाहावीत. एका पानाला तीन मिनिटे धरली, तर बैठक अर्ध्या तासात संपते.

नोंद मात्र नीट करावी. ‘जागा नाही’ हा शब्द वहीतून काढून टाकावा आणि त्याऐवजी पानावर एकूण किती पदे दिसली, आपल्या कामाची किती होती आणि त्यांचे Job ID काय होते, हे तारखेसह लिहावे. एकूण आकडा शून्य आला, तर आधी पानावर संशय घ्यावा. एकूण चौदा आणि आपल्या कामाचे शून्य असे आले, तर मात्र आपल्यासाठी खरोखर जागा नाही. Job ID लिहिल्याने आणखी एक गोष्ट कळते. तोच क्रमांक नव्या तारखेने दिसला, तर बहुधा जुनीच जागा पुन्हा वर आणलेली असते. आधी अर्ज केलेला असेल, तर अशा वेळी दुसरा अर्ज न करता पहिल्याची विचारपूस करावी. काही पानांवर Posted 30+ Days Ago एवढेच दिसते आणि त्यावरून पद पस्तीस दिवसांचे आहे की दोनशे, हे समजत नाही. ते समजते फक्त आपण लिहिलेल्या ‘पहिल्यांदा दिसले’ या तारखेवरून. त्याच्या वहीत तीन पाने अशी निघाली, की ज्यांवरची पदे तीन महिने जशीच्या तशी होती. ती जिवंत नाहीत असे धरून तिथे फोन करायचे ठरले.

राहिल्या सात कंपन्या. त्यांचे भरतीचे पानच नव्हते. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे हेच असते. तिथली भरती गेटवरच्या फलकावरून, टाइम ऑफिसमधून किंवा ओळखीतून होते. त्यांना यादीतून काढू नये, पण त्यांच्यापुढे पानाऐवजी टाइम ऑफिसचा फोन नंबर लिहावा आणि महिन्यातून एक दिवस त्यासाठी ठरवावा. शिवाय तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असल्याने, पान नसलेली कंपनी शिकाऊ उमेदवारीच्या nats.education.gov.in या सरकारी संकेतस्थळावर सापडू शकते. डिप्लोमा झालेल्यांनी त्या सात नावांचा शोध तिथेही घ्यावा आणि कंपनी सापडली, तर वहीत फोन नंबराशेजारी त्या नोंदीचा पत्ता लिहून ती शुक्रवारच्या दहांत घ्यावी.