मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला आभाराचा मेसेज लिहिताय? मी केलेल्या या चुका टाळा

मार्चमध्ये बाबा स्कूटरवरून खेड शिवापूरच्या पुढे सर्व्हिस रोडला खडीवर घसरले. उजव्या पायाची नडगी मोडली, हाड बाहेर आलं नाही पण जखम उघडी होती आणि रक्त चांगलंच जात होतं. एक टेम्पोवाले दादा थांबले, १०८ ला फोन केला, स्वतःच्या फोनवरून मला केला, अँब्युलन्स येईपर्यंत साधारण २५ मिनिटं बाबांपाशी बसून राहिले आणि मग गेले. मी पोचलो तेव्हा ते नव्हते. माझ्याकडे उरला तो फक्त कॉल लॉगमधला त्यांचा नंबर.

आठ दिवसांनी, बाबांच्या पायात रॉड टाकून झाल्यावर, मी मेसेज लिहायला बसलो आणि हे लिहिलं:

"आदरणीय दादा, आपण देवासारखे धावून आलात. आपले उपकार आम्ही सात जन्म विसरणार नाही. आपण नसता तर आज बाबा आमच्यात नसते. माणुसकी अजून जिवंत आहे हे आपण दाखवून दिलंत." पुढे हात जोडलेले सहा इमोजी.

बायकोने वाचलं आणि म्हणाली, हे तर कुणालाही पाठवता येईल, गॅस सिलेंडर वर चढवून देणाऱ्यालासुद्धा. राग आला, पण खरं होतं.

पहिली चूक म्हणजे मी कोण हेच त्यात नव्हतं. आपल्यासाठी तो आयुष्यातला एकच अपघात असतो, पण रोज हायवेवर गाडी चालवणाऱ्या माणसाने त्यानंतर काय काय पाहिलं असेल, आणि त्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असायचं काही कारणच नाही. अनोळखी नंबरवरून "आदरणीय दादा" आलं की हल्ली माणूस आधी फ्रॉड समजतो. म्हणून पहिल्याच ओळीत वार, जागा, गाडी आणि पेशंटशी आपलं नातं. बास, तेवढ्यावरून ओळख पटते.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. त्यांनी नक्की केलं काय हे मी लिहिलंच नव्हतं, कारण मला ते नीट माहीतच नव्हतं! मग बाबांना विचारलं, बाजूच्या टपरीवाल्याला जाऊन विचारलं (तिथेच बाबांचा फोन आणि स्कूटरची चावी ठेवली होती, तेही दादांनीच). तेव्हा कळलं की त्यांनी आपला टॉवेल घडी करून जखमेवर दाबला आणि तो रक्ताने भिजल्यावर न उचलता त्याच्यावरच दुसरं कापड ठेवून दाब तसाच ठेवला. हेल्मेट काढा काढा असं दोघंतिघं ओरडत होते, पण बाबा नीट बोलत होते, श्वासही व्यवस्थित होता, म्हणून त्यांनी काढू दिलं नाही. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली तीही परत पाठवली. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले तिन्ही बरोबर. कापड उचलून बघत बसलं की रक्त थांबायला लागलेलं परत सुरू होतं, मानेला मार असेल तर हेल्मेट ओढताना तो वाढू शकतो, आणि ऑपरेशन लागणाऱ्या माणसाचं पोट रिकामं असलेलं भूल देताना बरं. आता हे मेसेजमध्ये लिहिलं की समोरच्याला कळतं आपण काय बरोबर केलं, पुढच्या वेळी कुणी ओरडलं तरी तो ठाम राहील. "देवासारखे" मधून हे काहीच कळत नाही.

त्याला जोडूनच, "आपण नसता तर बाबा नसते" हे मी खोडलं. डॉक्टर असं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते रक्त कमी गेलं म्हणून फायदा झाला, एवढंच. जे आपल्याला माहीत नाही ते दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला ठेवायचं. पेशंट वाचला नसेल तरीही हेच लागू. तेव्हा "तुम्ही प्रयत्न केले पण" असं अर्धवट सोडू नये, कधी गेले ते सरळ लिहावं आणि तुम्ही शेजारी होतात, ते एकटे नव्हते हे लिहावं.

तिसरी गोष्ट पुढे काय झालं ही. अँब्युलन्सचं दार लागलं की त्यांच्यासाठी गोष्ट तिथेच तुटते. मी चार ओळी उपकारावर घालवल्या होत्या आणि बाबा कसे आहेत याला एकही नाही.

पैशाचं मी जरा चुकतच होतो. आधी वाटलं दोन हजार पाठवावेत, पण गोल आकडा मजुरीसारखा वाटतो. त्यांचं जे खरंच गेलं ते भरून द्यावं, म्हणजे टॉवेल, आणि तेही विचारून. नको म्हणाले तर विषय बंद.

भावाने वेगळंच काढलं, इन्शुरन्सला लागेल तर त्यांच्याकडून लिहून घे ना की पाहिलं म्हणून. आणि त्यांचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाक, सगळे कौतुक करतील. दोन्ही नको. लोक थांबत नाहीत ते बरेचदा पोलीस आणि कोर्टाच्या भीतीने. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, अशी मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मग आपणच तो नंबर चारशे लोकांना वाटायचा? साक्षीचं काम असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळा फोन करून, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवून. आभारात काम घुसडलं की आभार म्हणजे नुसती प्रस्तावना होते.

शेवटी गेलेला मेसेज असा:

"नमस्कार दादा. मंगळवारी खेड शिवापूरच्या पुढे पांढऱ्या स्कूटरवरून पडलेल्या काकांचा मी मुलगा. तुम्ही मला फोन केला होता. तुम्ही टॉवेल दाबून धरला, हेल्मेट काढू दिलं नाही, पाणी दिलं नाही, हे डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले बरोबर केलं. गुरुवारी ऑपरेशन झालं, पायात रॉड टाकलाय, कालपासून वॉकर धरून उभे राहतात. फोन आणि चावी टपरीवर मिळाली. तुमचा टॉवेल खराब झाला, चालत असेल तर नवीन पाठवतो. तुम्ही थांबलात त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर दिलं नाही तरी चालेल."

सकाळी सव्वासातला पाठवला, ते गाडीवर असताना वाजू नये म्हणून. संध्याकाळी व्हॉइस मेसेज आला, मागे डिझेल इंजिनचा आवाज. टॉवेल राहू द्या म्हणाले, जुनाच होता. मग म्हणाले, "काकांना सांगा, स्कूटर मी बाजूला घेतली तेव्हा मागचा ब्रेक लागतच नव्हता, तेवढा बघून घ्या."

मेकॅनिकने बघितलं, ब्रेक शू पार झिजलेले. बाबा अजून खडीलाच दोष देतात.