ब्लॉकर वर लिहिला, तरी काम हललं नाही? साप्ताहिक स्टेटस रिपोर्टमधल्या या चुका टाळा

साप्ताहिक रिपोर्टचे बहुतेक तयार साचे एकाच क्रमाने चालतात: या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय करणार, आणि सगळ्यात शेवटी अडचणी. लिहिणाऱ्याला हा क्रम सोयीचा वाटतो, कारण आपण केलेलं काम आधी दिसावं असं कोणालाही वाटतंच. पण मॅनेजरकडे असे बरेच रिपोर्ट येतात आणि दोन मीटिंगांच्या मधे ते त्यातले कित्येक फोनवर उघडतात. झालेल्या कामाबाबत त्यांना काही करायचं नसतं, अडलेल्या कामाबाबत करायचं असतं. म्हणून काम अडवणारी गोष्ट, म्हणजे ब्लॉकर, आधी.

एवढं आता बऱ्याच जणांना पटलेलं आहे. तरीही ब्लॉकर पहिल्या ओळीत येतो आणि काम पुढच्या शुक्रवारी तिथल्या तिथेच असतं. असं का होतं, ते एक नमुना घेऊन पाहू.

एक टीम ग्राहकांचा डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवते आहे. गो-लाइव्ह बुधवारी, 24 तारखेला. शुक्रवारी, 12 तारखेला गेलेल्या रिपोर्टचा वरचा भाग असा:

ब्लॉकर
- डीबी ॲक्सेस पेंडिंग
- नवीन टेस्टर अजून जॉइन नाही
- रिपोर्ट स्क्रीनचं डिझाइन चालू
- सर्व्हर कधीकधी स्लो

ब्लॉकर वर आहेत, मुद्दे छोटे आहेत. दिसायला अगदी शिस्तीत. यावर मॅनेजरचं उत्तर आलं, "ओके, फॉलो-अप करा." राग यायचं कारण नाही. या चार ओळींवर दुसरं काही लिहिता येण्यासारखंच नव्हतं.

चूक: जे जे त्रास देतं, ते ते ब्लॉकर

चारही मुद्दे एकेक करून तपासा. टेस्टर सोमवारी येणार हे ठरलेलं आहे आणि त्याचं काम त्यानंतर सुरू होणार आहे, म्हणजे आत्ता कोणाचंच काही अडलेलं नाही. डिझाइन चालू आहे, ते तर कामच आहे. सर्व्हर स्लो आहे हा ताप आहे खरा, पण काम सुरू आहे. उरला डीबी ॲक्सेस. तो नसल्यामुळे ट्रायल मायग्रेशन खरोखर थांबलंय आणि टीमने स्वतः कितीही धडपड केली तरी ते सुरू होणार नाही.

माझी कसोटी दोन प्रश्नांची आहे. ठरलेलं एखादं काम आज पूर्ण बंद आहे का? आणि ते सुरू करणं आपल्या हाताबाहेर आहे का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तरच ब्लॉकर. पहिल्याचं "नाही, पण होईल" असेल तर तो धोका. त्याला खाली वेगळी ओळ द्या. दुसऱ्याचं "आपल्याच हातात आहे" असेल तर ते तुमचं राहिलेलं काम आहे, ते पुढच्या आठवड्याच्या यादीत जातं.

ही चाळणी लावली की बहुतेक आठवड्यांत वर एकच ब्लॉकर उरतो, फार तर दोन. एकही उरला नाही तर तो भाग गाळू नका, "ब्लॉकर नाही" असं स्पष्ट लिहा. नाहीतर अडथळा नव्हता की लिहायचा राहिला, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

चूक: छोटं म्हणजे तुटक

"डीबी ॲक्सेस पेंडिंग" या तीन शब्दांत कोणाकडे, कधीपासून, कशासाठी आणि मी काय करू, यातलं काहीच नाही. मॅनेजरला हे चार प्रश्न परत विचारावे लागतात, तुम्हाला चार उत्तरं द्यावी लागतात, आणि वाचवलेल्या शब्दांच्या दसपट मेल होतात. मुद्दा छोटा ठेवायचा म्हणजे एका मुद्द्यात एकच गोष्ट सांगायची. क्रियापद, नाव आणि तारीख यांना कात्री लावायची नाही.

तोच मुद्दा असा लिहिता येतो:

- ट्रायल मायग्रेशन मंगळवारपासून थांबलंय. जुन्या डेटाबेसचा रीड-ओन्ली ॲक्सेस मिळालेला नाही. डेटाबेस टीमच्या प्रमुखांची मंजुरी बाकी.
- तुमच्याकडून हवं: प्रमुखांशी बोलून सोमवारी, 15 तारखेला संध्याकाळपर्यंत मंजुरी.
- नाही मिळाली तर: जेवढे दिवस उशीर, तेवढे दिवस 24 तारखेचं गो-लाइव्ह पुढे.

वाचायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. सुरुवात बघा: आधी कोणतं काम थांबलं ते आलं, ॲक्सेस नंतर. मॅनेजरच्या डोक्यात "ट्रायल मायग्रेशन" ही गोष्ट आधीपासून आहे, डेटाबेसची परवानगी नाही. थांबलेल्या कामाचं नाव दिसलं की गांभीर्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच बहुतेक रिपोर्टमध्ये नसते. "कृपया मदत करावी" किंवा "लवकरात लवकर बघावं" ही मागणी नव्हे. कोणाशी बोलायचं, काय मिळवायचं आणि कधीपर्यंत, हे तिन्ही हवं. 15 तारीख अंदाजाने टाकलेली नाही, गो-लाइव्हपासून उलटं मोजून आली आहे. 23 ला शेवटची तपासणी. त्याआधी सापडलेल्या चुका दुरुस्त करायला कामाचे तीन दिवस, म्हणजे 18, 19 आणि 22. त्याआधी ट्रायलचे दोन दिवस, 16 आणि 17. म्हणजे ॲक्सेस 15 च्या संध्याकाळी हातात हवाच. हा हिशोब रिपोर्टमध्ये लिहायचा नाही, पण तो केल्याशिवाय तारीखही लिहायची नाही. कोणी विचारलं तर एका दमात सांगता आला पाहिजे.

टिकीट 9 तारखेला टाकलं, 11 ला आठवण केली, समोरून अमुक उत्तर आलं, हा इतिहास बाहेर ठेवलाय. तो टिकिटात आहेच. हवं तर ओळीच्या शेवटी टिकीट नंबर द्या.

मुद्दा पुरेसा झाला की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मॅनेजरने तुम्हाला एकही प्रश्न न विचारता या तीन ओळींवरून थेट त्या प्रमुखांना फोन लावता येईल का? मधे तुम्हाला विचारावं लागणार असेल, तर जे विचारावं लागेल तेच लिहायचं राहिलंय.

चूक: ब्लॉकरच्या जागी तक्रार

"डेटाबेस टीम प्रतिसादच देत नाही" असं लिहायचा मोह होतो. पण मॅनेजर हा मेल बहुधा जसाच्या तसा त्याच टीमच्या प्रमुखांना फॉरवर्ड करणार आहेत. तिथे ही ओळ वाचली गेली की मंजुरी बाजूला राहते आणि कोणी कधी उत्तर दिलं याची उजळणी सुरू होते. "मंजुरी बाकी" यातही तीच माहिती आहे, फक्त बोट नाही. शिवाय जुन्या डेटाबेसमध्ये ग्राहकांची वैयक्तिक माहिती आहे. अशा डेटाला प्रमुखांची मंजुरी लागणं यात त्यांचं काही चुकलेलंही नसतं.

चूक: शुक्रवारची वाट पाहणं

काम मंगळवारी थांबलं आणि मॅनेजरना शुक्रवारी कळलं, तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी तीन दिवस गेलेच. रिपोर्ट ही नोंद आहे. तातडीच्या निरोपासाठी चॅट आहे, फोन आहे. कधी थांबायचं आणि कधी लगेच सांगायचं, यासाठी एक आडाखा: मंजुरीची शेवटची तारीख येत्या रिपोर्टच्या पुढच्या रिपोर्टआधी येत असेल, तर येत्या रिपोर्टची वाट पाहू नका. इथे येता रिपोर्ट 12 चा, त्यापुढचा 19 चा, आणि 15 तारीख 19 च्या आधी येते. गुरुवारची आठवण वाया गेली, त्याच दुपारी वरच्या तीन ओळी मेसेज करायला हव्या होत्या. शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये त्या पुन्हा येतातच, फक्त शेवटी "गुरुवारी कळवलं आहे" एवढं जोडायचं.

चूक: गेल्या आठवड्याचा ब्लॉकर कॉपी-पेस्ट

समजा 19 तारीख उजाडली आणि मंजुरी आलीच नाही. बऱ्याच रिपोर्टमध्ये आता तोच मुद्दा, त्याच शब्दांत, पुन्हा दिसतो. 15 तारीख उलटून गेलेली, तीही तशीच. असं दोनदा झालं की वाचणाऱ्याची नजर ती ओळ आपोआप ओलांडते.

दुसऱ्या आठवड्यात मागणी बदलायला हवी. मंजुरी मागून मिळाली नाही, तर आता निर्णय मागा: "गो-लाइव्ह पुढे ढकलायचं, की ओळख पुसलेल्या नमुना डेटावर ट्रायल करून 24 तारीख गाठायचा प्रयत्न करायचा? सोमवारी दुपारपर्यंत ठरवावं." आणि तुमचा कल कुठे आहे तेही सांगा. वरच्या हिशोबात पाहता माझा कल तारीख ढकलण्याकडे असेल: नमुना डेटावर ट्रायल नीट झाली तरी खऱ्या डेटातल्या विचित्र नोंदी त्यात सापडत नाहीत, आणि ट्रायल करायची ती त्या सापडाव्यात म्हणून.

ब्लॉकर सुटला तर गुपचूप काढून टाकू नका. एकदा "सुटलं: मंजुरी सोमवारी मिळाली, ट्रायल सुरू" अशी ओळ द्या. ज्यांनी फोन केला त्यांना त्याचं काय झालं ते कळू दे.

खालचा भाग

त्याबद्दल थोडंच. झालेल्या कामाचे चार-पाच मुद्दे पुरेत, प्रत्येक एका ओळीत. "80 टक्के पूर्ण" लिहू नका, उरलेले 20 कशाचे हे कोणालाच माहीत नसतं. "40 पैकी 31 तक्ते तपासून झाले" लिहा. मीटिंगला हजर राहिलो, चर्चा केली, हे मुद्दे काढून टाका. कामाच्या स्थितीला रंग द्यायची पद्धत असेल, तर वर ब्लॉकर आणि शेजारी हिरवा, म्हणजे बाहेरून हिरवं आणि आतून लाल, असा कलिंगडाचा प्रकार नको. गो-लाइव्हची तारीख धोक्यात असताना रंग निदान पिवळा तरी हवा.

इतकं करूनही उत्तर येत नसेल तर

आधी सब्जेक्ट लाइन पाहा. "साप्ताहिक रिपोर्ट, 12 तारीख" हा मेल सवडीने उघडायचा वाटतो. "सोमवारपर्यंत मंजुरी हवी: साप्ताहिक रिपोर्ट, 12 तारीख" तसा वाटत नाही. मग मागण्या मोजा. एका रिपोर्टमध्ये तीन-चार असतील तर सोपी आहे ती आधी उरकली जाते आणि तुमची अवघड तशीच राहते. क्रम तुम्हीच लावा. हे दोन्ही ठीक असेल, तर बहुधा मागितलेली गोष्ट तुमच्या मॅनेजरच्याही अधिकारात नाही. अशा वेळी तेच वाक्य पुन्हा पाठवू नका. पाच मिनिटं भेटून विचारा, "हे कोण मंजूर करू शकेल?" आणि पुढच्या रिपोर्टमध्ये मंजुरीऐवजी त्या व्यक्तीशी भेट ठरवून मागा.