गव्हाच्या नत्र मात्रेसाठी माती उबवताना या चुका टाळा

सोयाबीननंतर गहू घ्यायचा आहे. जमीन काळी आहे, सेंद्रिय कर्बही बरा आहे. अशा वेळी माती हंगामात स्वतःहून किती नत्र देईल, हे २८ दिवसांच्या हवायुक्त उबवणीतून (इन्क्युबेशन) काढता येते. जिवाणू सेंद्रिय नत्राचे अमोनियम आणि नायट्रेट करतात, आणि ती वाढ आपण मोजतो. पद्धत सोपी आहे. चुकतो तो नमुना, ओलावा आणि शेवटचे गणित.

पहिली चूक नमुना खडखडीत वाळवण्याची. वाळलेल्या मातीतले बरेच जिवाणू मरतात. पाणी पडताच उरलेले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि पहिल्या आठवड्यात नत्राचा लोट येतो. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेतातही हेच घडते, पण नोव्हेंबरच्या ओलसर रानात त्याचा हिशोब धरू नये. ० ते २० सेंमी थरातला ओला नमुना थंड पेटीत आणा आणि सावलीत चाळता येईल इतकाच भुरभुरीत होऊ द्या. मग २ मिमीच्या चाळणीतून काढा. ओव्हन मुळीच नको. वाळलेलाच नमुना हातात असेल, तर तो आधी ७ दिवस ओला करून ठेवा आणि तिथून पुढे मोजणी सुरू करा.

दुसरी चूक पाण्याची, आणि काळ्या मातीत ती सर्वाधिक होते. लक्ष्य जलधारण क्षमतेच्या ६० टक्के, म्हणजे साधारण वाफसा. चिकणमाती फुगते, जास्त पाण्यात तिची छिद्रे बंद होतात, हवा जात नाही आणि नायट्रेट वायू होऊन उडून जाते. हे आकड्यांत ओळखू येते: अमोनियम साचत जाते, नायट्रेट वाढण्याऐवजी घटते. अशी बरणी बाद धरा. उपाय म्हणून मातीत तितकीच धुतलेली वाळू मिसळा आणि पाणी थेंबाथेंबाने द्या. तोंडावर छिद्रे पाडलेला प्लास्टिक कागद बांधा, घट्ट झाकण नको. तापमान ३० अंश ठेवा. दर ३–४ दिवसांनी वजन करून घटलेले पाणी भरा.

मोजणी शून्य दिवशी आणि ७, १४, २१, २८ व्या दिवशी करा. प्रत्येक तारखेसाठी वेगळ्या तीन बरण्या लागतील. १० ग्रॅम कोरड्या मातीइतका नमुना (वाळू मिसळली असेल तर तिचे वजन सोडून) आणि १०० मिली २ मोलर पोटॅशियम क्लोराइड तासभर हलवून गाळा. गाळणकागदातूनच अमोनियम येते, म्हणून मातीशिवाय कोरी चाचणी प्रत्येक खेपेला हवीच. शून्य दिवसाचा आकडा वजा केला नाही, तर आधीपासून असलेले नत्रही ‘नव्याने तयार झाले’ असे दिसते.

आता गणित. उदाहरण घ्या: शून्य दिवशी प्रति किलो १० मिलिग्रॅम, सातव्या दिवशी २१, अठ्ठाविसाव्या दिवशी ३९. निव्वळ वाढ २९. घनता १.२५ धरली तर २० सेंमी थरात हेक्टरी २५ लाख किलो माती, म्हणून २९ गुणिले २.५, म्हणजे सुमारे ७२ किलो. बरेच जण हे ७२ शिफारशीच्या १२० किलोमधून थेट वजा करून ४८ किलो नत्र देतात. पीक पिवळे पडते, आणि दोष चाचणीला दिला जातो.

खरा हिशोब असा. पहिल्या आठवड्याचे ११ बाजूला ठेवा. उरलेल्या २१ दिवसांत १८, म्हणजे हेक्टरी रोज सुमारे २.१ किलो. रब्बीत मातीचे सरासरी तापमान २० अंश धरले, तर वेग साधारण निम्मा होतो. दोन पाळ्यांमध्ये वरचा थर सुकतो, त्यासाठी ०.७ ने गुणा. रोज ०.७५ किलो उरते, म्हणजे ७० दिवसांत सुमारे ५२. त्यात शून्य दिवसाचे १० गुणिले २.५, म्हणजे सुरुवातीचे २५ मिळवा: ७७. यातले ६० टक्के पिकाला मिळाले, तर ४६.

हेक्टरी ४० क्विंटल गव्हाला टनामागे २५ किलोप्रमाणे १०० किलो नत्र लागते. तूट ५४. खतातले निम्मेच पिकात जाते असे धरले, तर मात्रा १०८ किलो. म्हणजे शिफारशीपेक्षा १२ किलो कमी, सुमारे २६ किलो युरिया. ही कपात पेरणीच्या हप्त्यात नको. माती नत्र हळूहळू सोडते, म्हणून ती २१ दिवसांनंतरच्या हप्त्यात करा.

०.७, ६० टक्के आणि ५० टक्के हे गृहीत आकडे आहेत, आणि उत्तर त्यांच्यावरच हलते. म्हणून शेतात एक छोटा तुकडा नत्राशिवाय ठेवा. त्या गव्हाने दाणा आणि काड मिळून किती नत्र उचलले ते काढा आणि ४६ शी ताडा. फारच कमी भरले, तर पुढच्या हंगामात ६० टक्क्यांचा आकडा खाली आणा.

आकडा उणे आला, तर माती लगेच फेकू नका. नमुन्यात गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट बारीक होऊन गेले असेल, तर जिवाणू ते कुजवताना नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. वर सांगितलेली अमोनियम-नायट्रेटची खूण दिसत नसेल, तर हे उत्तर खरे आहे. मग मातीचा नव्याने मिळणारा वाटा शून्य धरा आणि फक्त सुरुवातीचे खनिज नत्र हिशोबात घ्या.