अनोळखी पैसे खात्यात आले तर

खात्यात अचानक २०,००० रुपये जमा होतात. लगेच फोन: "दादा, चुकून आले, या नंबरवर परत करा." इथेच थांबा. ते पैसे बहुधा फसवल्या गेलेल्या तिसऱ्याच माणसाचे असतात. त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढतात आणि वाटेतली खाती गोठतात. तुम्ही पैसे दुसऱ्या नंबरवर पाठवलेत, तर साखळीतली पुढची कडी तुम्हीच!

ती रक्कम खर्चू नका. त्या व्यवहाराच्या ओळख क्रमांकासह, म्हणजे यूटीआरसह, बँकेला लेखी कळवा, "ज्या खात्यातून आले तिथेच परत करा" असं लिहा आणि पोच घ्या. खातं गोठलंच तर तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाणं बँकेकडून विचारून घ्या. तिथे हीच पोच दाखवता येते.