अमायलेज-लायपेजचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, दुखणं पाठीत जातंय आणि उलट्याही होताहेत, असा रुग्ण आला की पॅन्क्रियाटायटिसची शंका येते आणि अमायलेज-लायपेज लिहून दिलं जातं. पण दुखणं कधी सुरू झालं हे फॉर्मवर क्वचितच कोणी लिहितं. ते कळल्याशिवाय आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

नॉर्मल अमायलेज पाहून निश्चिंत होणं

दुखणं सुरू झाल्यावर अमायलेज साधारण ६ ते १२ तासांत वाढतं. मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात, त्यामुळे तीन ते पाच दिवसांत ते पूर्ववत होतं. लायपेज ४ ते ८ तासांत वाढतं, २४ तासांच्या आसपास सर्वाधिक असतं आणि ८ ते १४ दिवस वाढलेलं राहू शकतं.

समजा, एका माणसाचं पोट रविवारी रात्री दुखू लागलं. घरी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर चार दिवस काढून तो शुक्रवारी सकाळी दवाखान्यात आला. अमायलेज ९६ (वरची मर्यादा १००), लायपेज ७८० (वरची मर्यादा ६०). नुसतं अमायलेज केलं असतं तर 'गॅसेस' म्हणून तो घरी गेला असता. लायपेज मात्र तेरा पट आहे आणि दुखणंही ठरावीक प्रकारचं आहे, म्हणजे निदानाचे तीनपैकी दोन निकष पूर्ण झाले: ठरावीक दुखणं, मर्यादेच्या किमान तिप्पट एन्झाइम, किंवा सोनोग्राफी-सीटीवर दिसणारे बदल. उशिरा आलेल्या रुग्णात एकच तपासणी परवडत असेल तर लायपेजच करावं. उलट, दुखणं सुरू होऊन दोनच तास झाले असतील तर दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. अशा वेळी सहा-आठ तासांनी पुन्हा सॅम्पल घ्यायचं.

सॅम्पल दुधासारखं दिसत असेल तरी सावध व्हा. ट्रायग्लिसराइड खूप वाढल्यामुळे झालेल्या पॅन्क्रियाटायटिसमध्ये अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. सीरम सलाइनने पातळ करून पुन्हा लावा. गुणून आलेला आकडा आधीपेक्षा बराच जास्त निघाला, तर पहिल्या रिपोर्टवर विसंबू नका. ईडीटीएच्या नळीतल्या रक्तावरही अमायलेज करू नये, कारण या एन्झाइमला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच धरून ठेवतं.

वाढलेलं प्रत्येक अमायलेज स्वादुपिंडाच्या माथी मारणं

अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं. गालगुंड असेल, वारंवार उलट्या होत असतील तर ते वाढतं आणि लायपेज नॉर्मल राहतं. मूत्रपिंड निकामी असेल तर दोन्ही वाढतात, बहुतेकदा तिपटीच्या आत. मधुमेहातल्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्येही दोन्ही वाढू शकतात. जठराचा अल्सर फुटणं, आतड्याचा रक्तपुरवठा बंद होणं, आतडं अडकणं, या तिन्हींत पोट दुखतं आणि एन्झाइमही वाढतं. खरा धोका इथेच आहे, कारण पॅन्क्रियाटायटिस समजून सलाइन लावून ठेवलं की ऑपरेशनची वेळ निघून जाते. पोट फळीसारखं कडक लागत असेल तर आकडा बाजूला ठेवा आणि आधी उभ्याने छातीचा एक्स-रे किंवा सीटी करून घ्या.

काही तक्रार नाही, पण अमायलेज महिनोन्‌महिने वाढलेलं, असाही एक प्रकार असतो. अमायलेज ४२०, लायपेज ३८. अशा वेळी मॅक्रोअमायलेज आठवावं. यात अमायलेज अँटिबॉडीला चिकटून इतकं मोठं होतं की मूत्रपिंडाच्या गाळणीतून जातच नाही. एकाच वेळी रक्त आणि लघवी घेऊन हिशोब करा: लघवीतलं अमायलेज गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं अमायलेज गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, गुणिले १००. लघवीतलं अमायलेज १५०, रक्तातलं क्रिएटिनिन ०.९ आणि लघवीतलं ९० असेल, तर १३५ भागिले ३७,८०० गुणिले १००, म्हणजे सुमारे ०.३६ टक्के. एक टक्क्याखाली आलं की मॅक्रोअमायलेजचीच शक्यता जास्त. खात्रीसाठी लॅबकडून पीईजी प्रेसिपिटेशन करून घ्या. याला उपचार लागत नाही. रिपोर्टवर तशी नोंद ठेवली की पुढच्या डॉक्टरांकडून सीटी पुन्हा होत नाही.

लायपेज रोज करत राहणं

आकडा मोठा म्हणून आजार गंभीर असं नसतं. ४,००० लायपेजचा रुग्ण तिसऱ्या दिवशी जेवू लागतो, ५०० चा आयसीयूत असू शकतो. गंभीरपणा श्वास, लघवीचं प्रमाण, हिमॅटोक्रिट, युरिया यांवरून बघायचा. निदान झाल्यावर एन्झाइम रोज मोजण्यात फक्त खर्च होतो.

मशीनकडे दुर्लक्ष

लायपेज अधूनमधून विनाकारण वाढलेलं येत असेल तर ट्रायग्लिसराइडच्या रिएजंटकडे बघा. त्यात लायपेज असतंच. एकाच प्रोबने आधी ते उचलून मग लायपेज लावलं की अंश पुढे वाहून येतो. तेच सॅम्पल एकदा नुसतं लायपेजसाठी लावा आणि एकदा ट्रायग्लिसराइडच्या लगेच पाठोपाठ. दुसऱ्यांदाच आकडा फुगला तर कारण सापडलं. मग लायपेज क्रमात सर्वांत आधी ठेवा किंवा मधे जादा वॉश घाला.